विश्लेषण : ‘मास गेनर’च्या डब्यात प्रोटीन किती आणि पीठ किती? भरतीची तयारी करणाऱ्यांनी लेबल कसं वाचावं?

चंद्रपूर आणि गडचिरोलीत पोलिस भरती किंवा वनरक्षक भरतीची चाहूल लागली की मैदानं पहाटेच भरतात. गावाच्या रस्त्यावर धावणारी मुलं-मुली दिसू लागतात आणि जिममध्ये नवी नावं नोंदवली जातात. त्याच सुमारास ‘वजन वाढवा’ असं लिहिलेले मोठे डबेही खपू लागतात. अंगाने बारीक असलेल्या मुलाला कुणीतरी सांगतं की मास गेनर घे, महिन्यात छाती भरेल. घरून आलेले पैसे मग त्या डब्यात जातात. प्रश्न असा, की त्या डब्यात नेमकं काय असतं, प्रोटीन बार खाऊन काय मिळतं आणि हे पैसे दुसरीकडे लावले तर जास्त फायदा होतो का?

थोडक्यात सांगायचं तर बहुतेक मास गेनरमध्ये दुधाच्या प्रोटीनपेक्षा स्टार्चपासून बनवलेली पावडर कितीतरी जास्त असते. ती वाईट आहे म्हणून नव्हे, तर आपल्या ताटात भाताच्या रूपाने ती आधीच भरपूर आहे म्हणून हा हिशोब समजून घ्यायला हवा.

भरतीत वजन मोजतात का?

सुरुवात इथूनच करू, कारण खरेदीमागचं कारण बहुधा हेच असतं. महाराष्ट्र पोलिस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांची उंची आणि छाती मोजली जाते. सर्वसाधारण निकष १६५ सेंटिमीटर उंचीचा आहे. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटरची वाढ हवी. काही भागांतील आणि काही प्रवर्गांतील उमेदवारांना सवलती असतात, त्यामुळे आपल्या जाहिरातीतला निकषच अंतिम मानावा. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. तिच्यात पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावणं, दोघांनाही १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. वनरक्षक भरतीत पुरुषांना ५ किलोमीटर आणि महिलांना ३ किलोमीटर धावावं लागतं.

या यादीत दोन गोष्टी लक्षात येतात. छाती फुगवण्याचा ५ सेंटिमीटरचा फरक श्वासाच्या आणि छातीच्या व्यायामाने येतो, डब्यातून येत नाही. आणि सर्वाधिक गुण धावण्यावर आहेत. धावताना प्रत्येक किलो अंगावर वाहून न्यावा लागतो. तो किलो मांडीच्या स्नायूचा असेल तर तो पळवतो, पोटाच्या चरबीचा असेल तर नुसतं ओझं होतो. म्हणजे उमेदवाराला वजन वाढवायचं असेल तर ते कोणत्या प्रकारचं वाढतंय याला महत्त्व आहे. सैन्य भरतीत उंची-वयानुसार वजनही पाहतात. तिथे कमी वजनाचा प्रश्न खरा असतो, पण धावणं तिथेही चुकत नाही.

मास गेनर म्हणजे नेमकं काय?

दुधात दोन प्रकारची प्रोटीन असतात. साधारण ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे. दूध नासवून पनीर केलं की घट्ट भागात केसिन राहतं आणि खाली जे हिरवट पाणी सुटतं त्यात व्हे असतं. कारखान्यात हे पाणी गाळून, वाळवून व्हे पावडर करतात. ‘कॉन्सन्ट्रेट’ प्रकारात साधारण ७० ते ८० टक्के प्रोटीन असतं, बाकी दुधातली साखर आणि थोडी चरबी. ‘आयसोलेट’ आणखी गाळलेलं असतं. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं आणि दुधातली साखर नगण्य असते. स्किम्ड मिल्क पावडर म्हणजे साय काढलेल्या दुधाची भुकटी. तिच्यात सुमारे ३५ टक्के प्रोटीन असतं आणि निम्म्याच्या आसपास दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज.

मास गेनरमध्ये यातलं काहीतरी असतंच, पण मुख्य घटक बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन असतो. मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चचे छोटे तुकडे करून ही पांढरी, जवळपास बेचव पावडर बनते. ती स्वस्त असते, पाण्यात सहज विरघळते आणि एका ग्रॅममध्ये साखरेइतक्याच, म्हणजे चार कॅलरी देते. डब्याच्या मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. म्हणजे जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. त्या यादीत पहिलं नाव ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ असेल आणि ‘व्हे’ किंवा ‘मिल्क सॉलिड्स’ त्यानंतर येत असेल, तर तुम्ही दुधाचं प्रोटीन घालून केलेलं पीठ विकत घेताय, हे एका नजरेत कळतं.

आता आपल्या भागाचा विचार करा. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा हा सगळा धानाचा पट्टा. दोन्ही वेळच्या जेवणात भात असतो. या भागातल्या मुलाच्या ताटात स्टार्चची कमतरता क्वचितच असते, कमी पडतं ते प्रोटीन. अशा ताटाला मास गेनर जोडणं म्हणजे भातावर पुन्हा भात वाढून घेणं, तेही अनेक पट भावाने.

एक साधं गणित : कॅलरीतला प्रोटीनचा वाटा

डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते क्षणभर विसरा आणि मागचा पोषण तक्ता पाहा. त्यात १०० ग्रॅममागे आकडे असतात. त्यातले दोनच घ्या, प्रोटीन आणि कॅलरी. प्रोटीनच्या ग्रॅमला ४ ने गुणा, कारण एक ग्रॅम प्रोटीन चार कॅलरी देतं. आलेल्या आकड्याला एकूण कॅलरीने भागा आणि १०० ने गुणा. हा झाला कॅलरीतला प्रोटीनचा टक्का.

बाजारातल्या नेहमीच्या मास गेनरसारखं एक लेबल उदाहरणादाखल घेऊ. १०० ग्रॅममागे कॅलरी ३८५, प्रोटीन १५ ग्रॅम, कर्बोदकं ७९ ग्रॅम, चरबी १ ग्रॅम. पंधरा चोक साठ. साठ भागिले ३८५, म्हणजे साधारण १६ टक्के. उरलेल्या ८४ टक्क्यांपैकी जवळपास सगळ्या कॅलरी स्टार्च आणि साखरेच्या.

हेच गणित घरातल्या वस्तूंना लावा. टोन्ड दुधात १०० मिलिलीटरमागे सुमारे ३ ग्रॅम प्रोटीन आणि ५८-६० कॅलरी असतात, वाटा २० टक्क्यांच्या थोडा वर. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन आणि ३३५ कॅलरी, वाटा २६ टक्के. अंड्याचा वाटा ३३ टक्क्यांच्या आसपास. तांदळाचा ८-९ टक्के. म्हणजे या उदाहरणातला मास गेनर साध्या दुधाच्याही खाली, दूध आणि तांदूळ यांच्या मधे कुठेतरी बसतो. तुरीची डाळ त्याच्या बरीच पुढे आहे. दुधाचं प्रोटीन डाळीच्या प्रोटीनपेक्षा शरीराला अधिक सहज वापरता येतं, हे खरं. पण भात आणि डाळ एकत्र खाल्ली की एकातली कमतरता दुसरं भरून काढतं. आपलं वरण-भात हे त्या अर्थानं पूर्ण जेवण आहे, फक्त त्यातलं वरण घट्ट हवं.

साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटच्या डब्याला हेच गणित लावलं तर वाटा ७० टक्क्यांच्या पुढे येतो. एकाच दुकानात शेजारी ठेवलेले हे दोन डबे दिसायला सारखे असले तरी वस्तू वेगवेगळ्या आहेत.

‘हाय प्रोटीन’ लिहिलंय, मग ते खोटं का?

खोटं नसतं. नियमानुसार एखाद्या घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये दिवसाच्या शिफारशीतल्या प्रोटीनच्या किमान २० टक्के प्रोटीन असेल तर त्यावर ‘हाय प्रोटीन’ असा दावा करता येतो. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषासाठी दिवसाला ५४ ग्रॅम प्रोटीन पुरेसं मानलं आहे. त्याचे २० टक्के म्हणजे ११ ग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅममध्ये १५ ग्रॅम प्रोटीन असलेला आपल्या उदाहरणातला डबा ही अट सहज पार करतो. हा दावा त्यासोबत किती स्टार्च येतो हे सांगत नाही, आणि ते सांगण्याची अटही त्यात नाही.

दुसरी गंमत ‘सर्व्हिंग’ची. पुढच्या बाजूला ‘प्रत्येक सर्व्हिंगमध्ये २३ ग्रॅम प्रोटीन’ असं असतं. शेजारी बारीक अक्षरांत ‘२५० मिलिलीटर दुधासोबत’ असं लिहिलेलं असू शकतं. १०० ग्रॅम पावडरमधले १५ ग्रॅम आणि ग्लासभर दुधातले ८ ग्रॅम मिळून २३. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक प्रोटीन तुमच्याच घरच्या दुधाचं, त्याचे पैसे वेगळे. म्हणून दोन डब्यांची तुलना करताना सर्व्हिंगचा रकाना सोडून नेहमी १०० ग्रॅमचा रकाना पाहावा. एका कंपनीची सर्व्हिंग ५० ग्रॅमची असेल आणि दुसरीची १५० ग्रॅमची, तर त्यांची तुलना होऊच शकत नाही.

‘अ‍ॅडेड शुगर शून्य’ म्हणजे गोड नाही?

इथे सर्वांत जास्त गफलत होते. लेबलवर दोन रकाने असतात. ‘टोटल शुगर’ म्हणजे एकूण साखर, त्यात दुधातलं लॅक्टोजही आलं. ‘अ‍ॅडेड शुगर’ म्हणजे वरून घातलेली साखर. दुधाच्या पावडरमुळे एकूण साखर ८-१० ग्रॅम दिसली तर लगेच घाबरायचं कारण नाही. वरून घातलेली साखर किती, ते आधी बघा.

पण माल्टोडेक्स्ट्रिन या दोन्ही रकान्यांत जवळपास दिसतच नाही. साखरेच्या रकान्यात फक्त एक किंवा दोन कणांच्या साध्या साखरा मोजतात. माल्टोडेक्स्ट्रिनची साखळी त्याहून लांब असते, म्हणून ते फक्त ‘कर्बोदकं’ या आकड्यात जातं. पोटात गेल्यावर मात्र ती साखळी भराभर तुटते आणि रक्तातली साखर जवळपास ग्लुकोजच्याच वेगाने वाढवते. म्हणून डब्यावर साखर शून्य असली तरी घरात मधुमेह असलेल्या व्यक्तीने किंवा साखर वाढल्याचं निदान झालेल्याने हा डबा निर्धास्तपणे घेऊ नये.

ओळखायचं कसं? कर्बोदकांच्या आकड्यातून एकूण साखर आणि फायबर वजा करा. आपल्या उदाहरणात कर्बोदकं ७९ ग्रॅम होती. एकूण साखर १० आणि फायबर १ धरलं तर ६८ ग्रॅम उरतात. घटकांच्या यादीत ओट्स किंवा दुसरं कोणतं धान्य नसेल तर हे ६८ ग्रॅम बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिनच आहेत. दीड-दोन तास कसून व्यायाम केल्यावर ते ऊर्जा म्हणून उपयोगी पडतं. सकाळी धावून नंतर दिवसभर लायब्ररीत बसणाऱ्या मुलाला त्याची गरज पडत नाही.

वरून घातलेल्या साखरेसाठी एक मोजपट्टी लक्षात ठेवा. लेबलवरचा टक्का काढताना दिवसाला २,००० कॅलरी आणि ५० ग्रॅम साखर हे प्रमाण धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते यातली साखर आणखी निम्मी केली तर उत्तम. एक चमचा साखर म्हणजे ४-५ ग्रॅम. दिवसाचे चार गोड चहा धरले की निम्मा कोटा तिथेच संपतो.

५० किलोच्या मुलाचा हिशोब

आता एक काल्पनिक उमेदवार घेऊ. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ५० किलो. त्याचा बीएमआय १७.७ येतो. १८.५ च्या खाली म्हणजे वजन खरंच कमी आहे. तो आठवड्यातून चार दिवस धावतो आणि दोन-तीन दिवस दंड, बैठका किंवा जिम करतो.

वजन कमी का आहे, हा पहिला प्रश्न. खाणं नीट असूनही वजन घटत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करावी. या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यात मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे सिकलसेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जास्त प्रोटीन सुरू करू नये. अंगात आजार असताना डबा आणणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

तब्येत ठीक असेल तर पुढचा हिशोब. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दिवसाला किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत प्रोटीनचा उपयोग होतो. त्यापुढे घेतलं तरी स्नायूंना आणखी फायदा होत नाही, असं राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत नमूद केलं आहे. ५० किलोला १.६ ने गुणलं की ८० ग्रॅम. भात, वरण, भाजी, पोळी यांतून त्याला दिवसाला ५० ग्रॅम मिळतात असं धरू. तूट ३० ग्रॅमची.

ही तूट मास गेनरने भरायची तर २०० ग्रॅम पावडर लागेल. त्यासोबत ७७० कॅलरी आणि १५८ ग्रॅम कर्बोदकं येतील, तीही दूध न धरता. एक किलोचा डबा पाच दिवसांत संपेल. वजन नक्कीच वाढेल, कारण आठवड्याला ५,४०० च्या आसपास जादा कॅलरी जातील. पण स्नायू इतक्या वेगाने बनत नाहीत. आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढ ठीक असते, त्यासाठी रोज ३०० ते ५०० जादा कॅलरी पुरतात. त्यापेक्षा वेगाने चढलेलं वजन बहुतांश चरबीचं असतं. ते मैदानावर १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत कळतं.

तीच तूट घरच्या खाण्यातून भरू. अर्धा लिटर दूध, दोन उकडलेली अंडी आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे. दुधातून १५-१६, अंड्यांतून १२ आणि फुटाण्यांतून ६ ग्रॅम, मिळून ३० च्या थोडं वरच. कॅलरी साधारण ५५०. अंडी खात नसाल तर ३० ग्रॅम कोरडे सोयाबीन वड्या घ्या, त्यातून १५ ग्रॅम प्रोटीन मिळतं. मामा तलावांतली मासळी मिळत असेल तर १०० ग्रॅम मासा १८-२० ग्रॅम प्रोटीन देतो आणि मग अंड्यांचीही गरज राहत नाही.

ग्लासातून प्यायलाच सोपं वाटत असेल तर ३०० मिलिलीटर दूध, ३० ग्रॅम फुटाण्याचं पीठ, २० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि एक केळं मिक्सरमधून काढा. यात सुमारे २० ग्रॅम प्रोटीन आणि ४८०-४९० कॅलरी येतात. उदाहरणातल्या मास गेनरची एक सर्व्हिंग दुधासह घेतली तर जवळपास इतकंच मिळतं.

पैशांचा हिशोबही ग्रॅमवर करा. किंमत भागिले डब्यातलं एकूण प्रोटीन. समजा मास गेनर ८०० रुपये किलो आहे आणि किलोत १५० ग्रॅम प्रोटीन आहे, तर एका ग्रॅमला ५ रुपये ३३ पैसे पडले. व्हे कॉन्सन्ट्रेट २,००० रुपये किलो आणि त्यात ७२० ग्रॅम प्रोटीन असेल, तर ग्रॅमला २ रुपये ७८ पैसे. सात रुपयांच्या अंड्यात ६ ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत. भाव तुमच्या गावचे टाका, क्रम फारसा बदलणार नाही. स्वस्त वाटणारा डबा प्रोटीनच्या हिशोबात सर्वांत महाग ठरतो.

मग पावडर घ्यायचीच नाही?

राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला स्पष्ट आहे, शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरचा नियमित वापर टाळावा. आमच्या मते तूट घरच्या खाण्यातून भरत असेल तर पावडरचं कारण उरत नाही. पण खोलीवर राहणारा, मेसवर जेवणारा, जिथे दूध-अंडी रोज मिळत नाहीत असा उमेदवार पावडर घेणारच असेल, तर त्याने मास गेनर न घेता साधं व्हे घ्यावं. एका स्कूपमधून २२-२४ ग्रॅम प्रोटीन येतं. कॅलरी हव्या असतील तर भात आहेच. स्टार्चसाठी डब्याचे पैसे मोजायची गरज नाही.

दूध प्यायल्यावर तास-दोन तासांत पोट फुगत असेल, गुडगुडत असेल किंवा जुलाब होत असतील तर लॅक्टोज पचत नसण्याची शक्यता आहे. अशांना स्किम्ड मिल्क पावडर असलेला गेनर सर्वांत जास्त त्रास देतो. आयसोलेट त्यांना सहसा चालतं, दहीही अनेकांना चालतं. मात्र ज्यांना दुधाच्या प्रोटीनचीच अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी व्हे आणि केसिन दोन्ही टाळावं. कोणतीही नवी पावडर मैदानी चाचणीच्या आठवड्यात सुरू करू नये.

खरेपणाचा प्रश्नही आहे. केरळमधील डॉ. सिरियक अ‍ॅबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंट्सची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात आले. त्यातल्या २५ उत्पादनांत लेबलवर लिहिल्यापेक्षा कमी प्रोटीन आढळलं. ही फसवणूक कशी चालते, तर प्रयोगशाळेतली नेहमीची चाचणी थेट प्रोटीन मोजत नाही, ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रोटीनचा अंदाज करते. ग्लायसिन किंवा टॉरीनसारखे स्वस्त घटक मिसळले की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रोटीनही वाढतं. घटकांच्या यादीत ही नावं दिसली तर शंका घ्यावी. डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक खरा निघाला म्हणजे पावडर चांगलीच असं नाही, पण क्रमांकच सापडला नाही तर डबा परत करा. पक्कं बिल घ्या आणि सील, उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक पाहा. सुटी पावडर किंवा लेबल नसलेली पिशवी कितीही ओळखीच्या माणसाने दिली तरी घेऊ नका. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

प्रोटीन बारचं काय?

बारला तेच गणित लावा. उदाहरणादाखल ६० ग्रॅमचा बार घ्या. कॅलरी २४०, प्रोटीन १५ ग्रॅम, वरून घातलेली साखर १२ ग्रॅम. प्रोटीनचा वाटा २५ टक्के, साखर तीन चमचे. हा बार ठीक म्हणता येईल. बारमध्ये वाटा २५ टक्क्यांच्या वर आणि वरून घातलेली साखर ५-६ ग्रॅमच्या आत असेल तर चांगलं. ‘एनर्जी बार’ मात्र वेगळी वस्तू आहे. ४० ग्रॅममध्ये ५ ग्रॅम प्रोटीन आणि १४ ग्रॅम साखर असेल तर ती शेंगदाण्याची चिक्कीच झाली, फक्त चकचकीत कागदातली. चिक्की वाईट नाही, पण तिला चिक्कीचाच भाव द्यावा. साखरेऐवजी खजूर किंवा मध घातला तरी गोडवा साखरेचाच असतो. मोहफुलं रानातली असली तरी गोड लागतात ती त्यातल्या साखरेमुळेच, तसंच हे.

बारच्या घटकांत दोन नावं शोधा. पहिलं, ‘कोलॅजन’ किंवा ‘जिलेटिन’. हे दुधाचं प्रोटीन नाही. शरीराला लागणारा एक आवश्यक घटक त्यात नसतो, त्यामुळे स्नायूंसाठी त्याचा उपयोग कमी. दुसरं, ‘माल्टिटॉल’ किंवा ‘सॉर्बिटॉल’. शुगर-फ्री बारमध्ये गोडव्यासाठी हे वापरतात. त्यांचं प्रमाण १० टक्के किंवा जास्त असेल तर जुलाब होऊ शकतात, असा इशारा पाकिटावर छापावा लागतो. तो बारीक अक्षरांत असतो. दोन शुगर-फ्री बार खाऊन मैदानावर उतरलेल्याला तो फार उशिरा आठवतो.

आपल्या भागात उन्हाचाही विचार करावा लागतो. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या दुकानात किंवा गाडीच्या डिकीत पडलेल्या बारवरचं चॉकलेट वितळतं, हे दिसतं तरी. न दिसणारी गोष्ट अशी, की उष्णतेत दुधाचं प्रोटीन आणि काही साखरा एकमेकांशी जोडल्या जातात. बार कडक आणि तपकिरी होतो आणि लायसिन हा महत्त्वाचा घटक काही प्रमाणात निकामी होतो. तारीख शिल्लक असूनही बार दगडासारखा लागत असेल तर तो उन्हात राहिलाय असं समजावं. पावसाळ्यात पावडरचा डबा घट्ट बंद ठेवा आणि स्कूप कोरडा वापरा. गठ्ठे झाले, कुबट वास आला तर ती पावडर टाकून द्या.

दुकानात उभं राहून काय पाहायचं?

मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा. घटकांच्या यादीत पहिलं नाव काय ते वाचा. १०० ग्रॅममधलं प्रोटीन गुणिले ४, भागिले कॅलरी करा. पावडरमध्ये हा वाटा २० टक्क्यांच्या खाली आला तर ती पावडर दुधापेक्षाही पातळ आहे, ती ठेवून द्या. मग वरून घातलेली साखर पाहा आणि कर्बोदकांतून साखर व फायबर वजा करून स्टार्चचा अंदाज घ्या. शेवटी किंमत भागिले एकूण प्रोटीन. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात.

डबा घ्यायचा की नाही हे त्यानंतर ठरवा. घेतलाच तर दर रविवारी सकाळी उपाशीपोटी वजन करा, कमरेचा घेर मोजा आणि १६०० मीटरची वेळ वहीत लिहा. वजन वाढतंय आणि वेळ तीच आहे किंवा कमी होतेय, तर खाणं लागी लागतंय. वजनासोबत कंबर वाढतेय आणि वेळही वाढतेय, तर जादा कॅलरी चरबीत जाताहेत. तेव्हा पावडर बंद करावी आणि त्या पैशांत महिन्याचं दूध लावावं.